शर्टाचं माप, कागद आणि ताळा: शिकाऊ पोरांच्या कामाच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४

शाळांच्या गणवेशाची घाई आता ओसरली. सोलापुरात जून-जुलै म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे नवीन पोरांना शिकवणं नेहमी श्रावणावरच जातं. यंदा चौघं आहेत. नावं वहीत लिहीत नाही, कोण कुठून येतं त्यावरूनच दुकानात ओळखतात: बाळीवेशीतली, विडी घरकुलातली, कुंभारीचा आणि शेळगीचा. चौघांनाही मशीन चालवता येतं. सरळ टीप, कॉलर पलटी, काज-बटण सगळं जमतं. अडतं ते कटिंगच्या टेबलावर. दुसऱ्याने कापून दिलेलं शिवतात, पण समोर माणूस उभा केला की टेप हातात घोटाळत राहते.

ठरवलेलं काम एकच. पूर्ण बाहीचा, साध्या फिटिंगचा पुरुषी शर्ट. माप घेण्यापासून ब्राउन पेपरवरच्या कटिंगपर्यंत. कापडाला कात्री लावायच्या आधी प्रत्येक टप्प्यावर ताळा. आणि ताळा म्हणजे तेच माप पुन्हा त्याच हाताने घेणं नव्हे. जिथे बोट चुकलं तिथे ते दुसऱ्यांदाही तिथेच पडतं. त्याच आकड्याकडे दुसऱ्या वाटेने यायचं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघायचं, हे चौघांच्या अंगात मुरवायचं आहे.

पहिला दिवस टेपचाच गेला. दुकानातल्या सगळ्या टेपा टेबलावर काढायला लावल्या आणि शेजारी पोलादी पट्टी ठेवली. शून्यापासून ३६ इंचांपर्यंत एकेक टेप पट्टीवर ताणून नाही, नुसती सपाट ठेवून बघायची. एक जुनी पिवळी टेप ३६ वर दोन सूत, म्हणजे पाव इंच, लांबलेली निघाली. म्हणजे पट्टीवर ३६ इंच ती ३५ इंच ६ सूत दाखवते. त्या टेपेने छाती घेतली तर पाव इंच कमी लागणार, आणि घेणाऱ्याला कधीच कळणार नाही. दुसऱ्या एका टेपचं टोकाचं पितळ निघालं होतं, कुणीतरी टोक कापून सारखं केलं होतं आणि त्यात जवळजवळ तीन सूत गेले होते. दोन्ही कचऱ्यात. शेळगीच्या पोराला वाईट वाटलं, म्हणाला, ‘मास्तर, तीन सूत लक्षात ठेवून वापरू की.’ गिऱ्हाईक समोर उभं असताना कुणाच्याही लक्षात राहत नाही.

७ ऑगस्ट

मापाला आमचा इस्त्रीवाला उभा केला. बारीक अंगाचा, सरळ उभा राहतो, आणि दिवसभर दुकानातच असतो. चौघांनी एकमेकांचं न बघता त्याचं माप घेऊन आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं.

शोल्डर चार जणांचे चार आले: साडेसतरा, अठरा, सव्वाअठरा आणि एकोणीस. छाती साडेअडतीसपासून चाळीसपर्यंत. कॉलर बरी, अर्ध्या इंचाच्या आत.

छातीचा फरक कुठून आला ते बघताना लगेच सापडलं. चाळीसवाल्याने टेपच्या आत दोन बोटं घातली होती. कुणीतरी त्याला सांगितलेलं की शर्ट ढिला हवा. पण ढिलेपणा आपण कागदावर देणारच आहोत, प्रत्येक चौथ्या भागाला एक इंच. तोच ढिलेपणा टेपमध्येही दिला तर तो दोनदा जातो आणि शर्ट पोत्यासारखा लोंबतो. अंगाचं माप अंगाला लागूनच घ्यायचं, टेप रुतूही नये आणि सुटूही नये. फक्त कॉलरला एक बोट आत, कारण कॉलरच्या आकड्यात पुढे काही मिळवत नाही.

दुसरी गोष्ट पाठीमागची. समोरून टेप छातीवर बरोबर असते, पण मागे ती खांद्याच्या पात्यांखाली घसरलेली असते आणि माप घेणाऱ्याला दिसत नाही. म्हणून छाती घेताना माणसाला आरशाकडे पाठ करून उभं करायचं आणि त्याच्या खांद्यावरून आरशात बघायचं. घसरलेली टेप तिथे लगेच ओळखू येते.

श्वासाचं बाळीवेशीतलीच्या आपोआप लक्षात आलं. टेप लावली की माणूस छाती फुगवून उभा राहतो, जवळजवळ सगळेच. तिने इस्त्रीवाल्याला विचारलं, ‘भाऊ, आज डब्यात काय?’ तो बोलायला लागला, श्वास सुटला आणि टेप पाऊण इंचाने सैल झाली. तीच खरी छाती. तेव्हापासून छाती घेताना काहीतरी विचारायचं हा नियमच.

शोल्डरचा दीड इंचाचा फरक मात्र मोठा, त्याला वेगळा दिवस ठेवला.

१२ ऑगस्ट

शोल्डर म्हणजे एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मानेच्या मागच्या उठलेल्या मणक्यावरून. मणका सापडणं सोपं: मान खाली घालायला सांगितली की तो बोटाला लागतो. खांद्याचं टोक अवघड, कारण तिथे मांस असतं आणि अंगातल्या शर्टाची शिवण डोळ्याला फसवते. बहुतेक शिकाऊ पोरं हाड न शोधता त्या शिवणीवरच टेप धरतात. जुना शर्ट चुकलेला असेल तर नवाही तसाच चुकतो.

टोक शोधायची रीत: माणसाला हात आडवा, खांद्याच्या पातळीत उचलायला सांगायचा. खांद्याच्या शेवटाला एक खळगा पडतो. तिथे बोट ठेवायचं आणि बोट न काढता हात खाली घ्यायला लावायचा. बोटाखाली जे हाडाचं टोक येतं ते आपलं. तिथे खडूची बारीक खूण.

आता ताळा. तीन मापं घ्यायची: शोल्डर, बाही (खांद्याच्या खुणेपासून मनगटाच्या हाडापर्यंत, कोपर थोडा वाकवून), आणि तिसरं आम्ही लांब माप म्हणतो ते, मणक्यापासून खांद्यावरून थेट मनगटापर्यंत एका ओढीत, कोपर तसाच वाकलेला. अर्धं शोल्डर अधिक बाही म्हणजे लांब माप. दोन सुतांपर्यंत फरक चालेल, त्याच्यापुढे नाही.

कुंभारीच्या पोराचे आकडे: शोल्डर १९, बाही २४, लांब माप ३३. अर्धं शोल्डर साडेनऊ, त्यात २४, झाले साडेतेहतीस. अर्धा इंच जास्त. तो पटकन बाही पुन्हा मोजायला गेला, त्याला थांबवलं. आधी विचार कर. तीन मापांत खांद्याचं टोक फक्त दोनदा येतं, शोल्डरला आणि बाहीला. लांब मापात टेप खांद्यावरून नुसती जाते, टोक कुठे धरलं याने तिचा आकडा बदलत नाही. म्हणजे ३३ वर सगळ्यात आधी विश्वास ठेवायचा. मग शोल्डर आणि बाही यांनी टोक वेगवेगळ्या जागी धरलं असणार. बघितलं तर तसंच होतं. शोल्डर घेताना तो दोन्हीकडे हाडापुढे मांसावर अर्धा-अर्धा इंच उतरला होता, आणि बाहीला मात्र हाडापासून सुरुवात केली होती. खरं शोल्डर १८. नऊ आणि चोवीस, तेहतीस.

शेळगीच्या पोराने एक खोच काढली, आणि ती बरोबर होती. ‘मास्तर, शोल्डर आणि बाही दोन्ही एकाच चुकीच्या खुणेवरून घेतली तर?’ तर बाही साडेतेवीस येईल, साडेनऊ अधिक साडेतेवीस तेहतीसच होतात, आणि ताळा जुळतो. हा ताळा मापं एकमेकांशी पटतात का एवढंच सांगतो, खूण बरोबर हाडावर आहे का ते सांगत नाही. म्हणून चौथं माप जोडलं: पाठरुंदी. हात खाली सोडलेले असताना एका काखेच्या मागच्या घडीपासून दुसऱ्या घडीपर्यंत. शोल्डर तिच्यापेक्षा साधारण अर्धा ते दीड इंच जास्त असतं. इस्त्रीवाल्याची पाठरुंदी १७. १८ पटतं, १९ आला तर खूण पुन्हा बघायची. हा पक्का नियम नाही, मजबूत दंडाच्या माणसाला तो चुकेल, पण थांबून बघायला पुरेसा आहे.

मापाच्या कार्डावर दोन रकाने वाढवले: लांब माप आणि पाठरुंदी. कटिंगला त्यांचा उपयोग नसला तरी ते भरल्याशिवाय कार्ड पुढे जाणार नाही.

१४ ऑगस्ट

आज सूत. इंचाचे आठ सूत, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण चौघांकडे मोबाइल आहेत आणि चौघं भागाकार त्यावरच करतात.

छाती साडेअडतीस. विडी घरकुलातलीने कार्डावर लिहिलं ३८.४, म्हणजे तिच्या हिशेबाने अडतीस इंच चार सूत. शेजारच्याने तेच वाचलं तर अडतीस पूर्णांक चार दशांश. बाळीवेशीतलीने मोबाइलवर बरोबर ३८.५ टाकून चारने भागलं, ९.६२५ आलं, आणि तिने टेपवर नऊ इंच सहा सूत धरले, कारण पडद्यावर सहा दिसत होते. खरं उत्तर नऊ इंच पाच सूत. एका भागात एका सुताचा फरक, पण शर्टात असे चार भाग, म्हणून छातीत अर्धा इंच. आणि हा अर्धा इंच शिवणीत कुठेच दिसत नाही, सगळे तुकडे एकमेकांशी नीट जुळतात.

दोन उपाय केले. पहिला, कार्डावर टिंब बंद. इंच आणि सूत यांच्यात आडवी रेघ: ३८-४. दुसरा, भागायचं असेल तर आधी सगळ्याचे सूत करायचे. अडतीस गुणिले आठ अधिक चार, ३०८ सूत. चारने भागले ७७. म्हणजे नऊ इंच पाच सूत.

ताळ्यासाठी आकडेच नको. टेप शून्यापासून साडेअडतीसपर्यंत धरायची, निम्मी घडी घालायची, पुन्हा निम्मी घडी घालायची. घडीवर जो आकडा येतो तो चौथा भाग. माझ्या वडिलांच्या वेळचे कटिंग मास्तर आयुष्यभर असंच करत आले, त्यांना भागाकार लिहिताना कधी पाहिलं नाही. मोबाइलचं उत्तर आणि घडीचं उत्तर जुळलं की पुढे.

२१ ऑगस्ट

राखीची सुट्टी होऊन गेली, आता ब्राउन पेपर. कार्ड पक्कं झालंय: लांबी २९, शोल्डर १८, छाती ३८-४, बाही २४, कॉलर १५-४, लांब माप ३३, पाठरुंदी १७.

कागदावर आधी फक्त शिवणीची रेघ काढायची, पेन्सिलने. माया, म्हणजे शिवणीत जाणारी जादा कड, अजून नाही. ती सगळ्यात शेवटी, लाल पेनाने, बाहेरून. पोरांना हे जड जातं, कारण दुकानांत माया धरूनच थेट कापडावर आखायची सवय असते. पण ताळा घ्यायचा तर शिवणीची रेघ वेगळी दिसायला हवी, ती का ते परवा कॉलरला कळेल.

पाठीचा भाग: वरची आडवी रेघ, तिच्यापासून खाली मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईची, खोली. आमच्याकडे छातीचा चौथा भाग अधिक अर्धा इंच धरतो, म्हणजे १० इंच १ सूत. त्या पातळीवर छातीची रुंदी, चौथा भाग अधिक एक इंच ढिलेपणा, १० इंच ५ सूत. वरच्या रेघेवर अर्धं शोल्डर ९. त्या टोकापासून खांद्याचा उतार पावणेदोन खाली. गळ्याची रुंदी कॉलरच्या सहाव्या भागात एक सूत मिळवून, इथे पावणेतीन. मागचा गळा पाऊण इंच खोल.

पुढचा भाग तसाच, फरक दोनच. गळा सव्वातीन खोल, आणि मुंढा पाठीपेक्षा थोडा आत कोरलेला. आणि पुढच्या मधल्या रेघेबाहेर पाऊण इंच बटणपट्टीसाठी.

कुंभारीच्या पोराने १० इंच ५ सूत मोजले ते पट्टीच्या कडेपासून, मधल्या रेघेपासून नाही. कागद दिसायला अगदी नीट. ताळ्याला सगळी रुंदी जोडायला सांगितली: पाठीचे दोन भाग आणि पुढचे दोन भाग, सगळे मधल्या रेघांपासून. यायला हवे साडेबेचाळीस, म्हणजे छाती अधिक चार इंच. त्याचे आले एक्केचाळीस. बटण लावल्यावर एक पट्टी दुसऱ्यावर चढते, तो चढणारा भाग अंगाला मिळत नाही, एवढं त्या दीड इंचाने त्याला समजावून झालं. तुकडे एकमेकांना लावून बघितले असते तर हे कळलं नसतं, कारण बाजूच्या शिवणी दोन्हीकडे सारख्याच होत्या.

२३ ऑगस्ट

कॉलरचा ताळा. गळ्याची गोलाई कागदावर मोजायची, अर्धी मागची आणि अर्धी पुढची, आणि दुपटीने साडेपंधरा यायला हवेत. टेप आडवी ठेवून गोलाई मोजता येत नाही, ती उभी कडेवर धरून रेघेवरून वळवायची. बोटाने दाबत पुढे जायचं, एकदम ओढायचं नाही.

बाळीवेशीतलीचे साडेचौदा आले. सगळे आकडे बरोबर, रुंदी पावणेतीन, खोली सव्वातीन, तरीही एक इंच कमी. ती लगेच पेन्सिल घेऊन गळा खोल करायला निघाली, आणि खरं तर दुकानांत रोज असंच होतं.

पण तिने मोजलं कुठे ते बघा. तिने घाई करून माया आधीच आखून टाकली होती आणि टेप कटिंगच्या लाल रेघेवर धरली होती. गळ्याला माया दोन सूत, आणि ती गोलाच्या आतल्या बाजूला येते. आतला गोल लहान असतो, साहजिक आहे. या गळ्याला दोन सूत आत गेलं की सबंध गोलाईत जवळजवळ एक इंच कमी भरतो. तिची शिवणीची रेघ मोजली तर साडेपंधरा बरोबर आले. तिने लाल रेघेवर साडेपंधरा करण्यासाठी गळा खोल केला असता तर शिवून झाल्यावर गळा साडेसोळाच्या आसपास गेला असता. कॉलर साडेपंधराची. कारागीर मग काय करतो, गळा चुण्या घालत कॉलरमध्ये बसवतो, आणि शर्टाच्या पुढे कॉलरखाली सुरकुत्या येतात. गिऱ्हाईक म्हणतं कॉलर बरोबर नाही बसली. दोष असतो गळ्याचा.

म्हणून पुन्हा नियम: आत वळलेली गोलाई, मग गळा असो की मुंढा, कायम शिवणीच्या रेघेवरच मोजायची. सरळ शिवणींना कुठेही मोजा, फरक पडत नाही. पोरांनी दोन्ही रेघा मोजून चारही कागदांवर फरक लिहून ठेवला.

२८ ऑगस्ट

बाही. मुंढा आणि बाहीचा माथा यांचं गणित मला शिकवायला सगळ्यात आवडतं.

आपल्या कागदावर मुंढा मोजला: पाठीचा साडेनऊ, पुढचा पावणेदहा, एकूण सव्वाएकोणीस. बाहीच्या माथ्याची उंची साडेचार ठेवली. उंची जास्त घेतली तर बाही नेटकी दिसते पण हात वर करताना शर्ट कमरेतून उचलला जातो. कमी घेतली तर हात मोकळा, पण काखेत कापड गोळा होतं. रोज वापरायच्या शर्टाला साडेचार ठीक. माथ्याच्या टोकापासून बाहीच्या रुंदीच्या रेघेपर्यंत तिरकी रेघ, मुंढ्याच्या निम्म्यातून पाव इंच कमी, म्हणजे ९ इंच ३ सूत. ती रेघ जिथे टेकेल ती बाहीची अर्धी रुंदी, इथे सव्वाआठच्या जवळ येते. मग त्या तिरक्या रेघेवर वर फुगवटा, खाली थोडी आत घेतलेली वळणदार रेघ. वळणामुळे ती सरळ रेघेपेक्षा लांब होते, म्हणून आधी पाव इंच कमी धरला.

ताळा: बाहीचा माथा वजा मुंढा, शून्य ते चार सूत. शर्टाची बाही कोटासारखी फुगवून बसवायची नसते, त्यामुळे याहून जास्त नको. बरोबर काढलेल्या कागदावर माथा साडेएकोणीस, फरक दोन सूत.

शेळगीच्या पोराचा माथा साडेएकोणीस आणि मुंढा साडेअठरा. एक इंच फरक. तो बाहीचा माथा चपटा करायला लागला, आणि केला असता तर ताळा जुळलाही असता. त्याला विचारलं, मुंढा सगळ्यांचा सव्वाएकोणीस आला, तुझाच साडेअठरा कसा? दोन भाग वेगळे मोज. पाठीचा साडेनऊ, इतरांसारखाच. पुढचा नऊ. पुढचा मुंढा पाठीपेक्षा थोडा मोठा असायला हवा, त्याचा अर्ध्या इंचाने लहान. म्हणजे चूक पुढच्या भागात, आणि बाहीत मुळीच नाही.

मग दुसरा ताळा घ्यायला लावला, जो त्याने गाळला होता: खांद्याची शिवण पुढची आणि मागची. मागची साडेसहा, पुढची पावणेसात. दोन सूत फरक. पुढचा खांदा लांब आणि मुंढा आखूड, दोन्ही एकाच वेळी कधी होईल? खांद्याचं टोक खाली सरकलं तरच. उतार मोजला तर पावणेदोनऐवजी अडीच. पेन्सिल सरळ टेपच्या पुढच्या खुणेवर गेली होती. टोक पाऊण इंच वर घेतलं, मुंढा पावणेदहा, खांदा साडेसहा, आणि बाहीला हात न लावता फरक दोन सुतांवर आला.

त्याने माथा चपटा केला असता तर कागदावर सगळं जुळलं असतं आणि शर्टाचा पुढचा खांदा ओढत राहिला असता. ताळा चुकला की जो आकडा बदलायला सोपा तो बदलायचा, हा मोह सगळ्यांना होतो. आधी चूक कुठल्या तुकड्यात आहे ते ठरवायचं, मगच खोडरबर.

२ सप्टेंबर

चारही कागद माया लावून कापले. शेवटचा ताळा डोळ्यांचा. पुढची आणि मागची खांद्याची शिवण एकमेकांना लावून कागद टेबलावर सपाट ठेवायचा. गळ्याची गोलाई शिवणीवरून पुढे जाताना कोन दिसता कामा नये, मुंढ्याचंही तसंच. विडी घरकुलातलीच्या कागदावर गळ्याला शिवणीपाशी टोक आलं होतं. आकडे सगळे बरोबर, फक्त मागचा गळा खांद्याला काटकोनात न मिळता तिरका मिळत होता. अर्धा इंचभर रेघ हाताने वळवली, पुन्हा मोजली, साडेपंधराच.

बाजूच्या शिवणी पुढे-मागे सारख्या, बाहीच्या खालच्या दोन कडा सारख्या, हे पटापट झालं. यात आता कुणी चुकत नाही.

५ सप्टेंबर

परवा गणपती, दुकान दोन दिवस बंद. त्याआधी मांजरपाटाचा शर्ट शिवून इस्त्रीवाल्याला घातला. मांजरपाट आदल्या दिवशी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं होतं, कारण आटणारं कापड असेल तर सगळे ताळे वाया.

डावी बाजू अगदी बरोबर. उजव्या मुंढ्याजवळ मात्र पाठीवर मानेपासून काखेकडे तिरकी सुरकुती. कागदावरचे सगळे ताळे जुळलेले असताना. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. इस्त्रीवाल्याला बनियनवर उभं करून मागून बघितलं तर उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. रोज आठ-दहा तास जड इस्त्री उजव्या हाताने, त्यामुळे असेल, किंवा जन्माचाच असेल. आपण मापं एकाच बाजूची घेतली आणि कागद दोन्हीकडे सारखा धरला. कागदाचे ताळे कागदाचीच तपासणी करतात. माणसाचं अंग दोन्हीकडे सारखं नाही, पाठीला बाक आहे, पोट पुढे आहे, हे त्यांना दिसत नाही. बाक किंवा पोट असेल तर पुढची आणि मागची लांबी मानेपासून कमरेपर्यंत वेगळी घ्यावी लागते, ते पुढच्या वेळी.

खांदा किती खाली ते मोजायला भिंतीजवळ उभं करून जमिनीपासून दोन्ही खांद्यांच्या खुणांपर्यंत उंची घेतली. तीन सुतांचा फरक.

दुरुस्ती पोरांनीच कागदावर करून दाखवली. उजव्या बाजूला खांद्याचा उतार पावणेदोनऐवजी २ इंच १ सूत, पुढे आणि मागे दोन्हीकडे. तिरकी रेघ वाढल्याने खांद्याची शिवण एका सुताने लांबते, म्हणून टोक एक सूत आत. आणि मुंढ्याचा तळही तीन सूत खाली, हे बाळीवेशीतलीने न सांगता केलं. ‘नाहीतर मुंढा लहान होईल आणि बाहीचा ताळा पुन्हा बिघडेल,’ म्हणाली. उजवा मुंढा मोजला: सव्वाएकोणीस. तीच बाही बसते. उजवी बाजूची शिवण तीन सुतांनी आखूड झाली, पण पुढे-मागे सारखीच.

यात एक अडचण उरते. पाठ आता घडीवर कापता येणार नाही, दोन्ही बाजू वेगळ्या म्हणून पूर्ण पाठ उघडी आखावी लागते. योकचा, म्हणजे पाठीवर खांद्यापाशी वेगळा तुकडा जोडलेला, शर्ट असेल तर खांद्याचा फरक योकमध्येच घेतला जातो, फक्त मुंढ्याचा तळ पाठीच्या तुकड्यात राहतो. सोमवारी योक कापून बघू. कार्डावर आणखी एक रकाना आला: खांदा डावा-उजवा, जमिनीपासून.